दुकानाची वेबसाइट मालकाच्या हाती सोपवताना : नव्या फ्रीलान्सरसाठी कामाची यादी

काम संपलं, शेवटचा हप्ता मिळाला, दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर चार पासवर्ड पाठवले. बहुतेक ठिकाणी हस्तांतरण एवढंच होतं. मग आठ-दहा महिन्यांनी एके सकाळी साइटच्या जागी भलतंच पान दिसतं. तेव्हा लक्षात येतं की डोमेनच्या नूतनीकरणाचे मेल फ्रीलान्सरच्या इनबॉक्समध्ये पडत होते आणि ओटीपी जाणारा नंबर त्याने केव्हाच सोडला आहे. पासवर्ड दुकानदाराकडे असतो खरा, पण खातं त्याचं नसतं.

खाली जे लिहिलं आहे ते एक उदाहरण समोर ठेवून. सांगलीतलं हळद-मसाल्याचं दुकान. मालक काका साठीच्या पुढचे, ऑनलाइन ऑर्डर त्यांची सून बघते. वर्डप्रेस आणि वूकॉमर्सची साइट, `.com` डोमेन, शेअर्ड होस्टिंगवर सीपॅनल, पैसे घ्यायला पेमेंट गेटवे. डोमेन १८ एप्रिलला संपतं, होस्टिंग ९ नोव्हेंबरला. सोपवायला सुरुवात १ मार्चला. हे एका दिवसाचं काम नाही, दोन-तीन आठवडे धरा. का ते पुढे येईलच.

बसण्याआधी काय जमवायचं

- काकांचा रोजच्या वापरातला मोबाइल, त्यात चालू असलेलं सिमकार्ड
- दुकानाचा पॅन, जीएसटी क्रमांक असेल तर तो, आणि बँक खात्याचा तपशील
- काकांचं कार्ड किंवा यूपीआय (तुमचं नव्हे)
- किमान ३२ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह
- एक जाड कागद, एक लखोटा, आणि दुकानातल्या भिंतीवरचं कॅलेंडर

१. सगळ्यात आधी ईमेल आणि मोबाइल नंबर

डोमेन, होस्टिंग, गेटवे, गूगल या सगळ्यांचं 'पासवर्ड विसरलात?' शेवटी एका ईमेलवर आणि एका नंबरवर जाऊन थांबतं. म्हणून पहिल्या दिवशी फक्त एवढंच करा: दुकानाच्या नावाचं एक जीमेल खातं, काकांच्या मोबाइलवर, काकांच्याच हाताने उघडा. पडताळणीचा नंबर काकांचा, पर्यायी नंबर सुनेचा.

इथे एक मोह होतो. दुकानाच्या डोमेनवर `info@` असा छानसा पत्ता आधीच तयार असतो, मग तोच सगळीकडे का देऊ नये? देऊ नका. डोमेन संपलं की त्यावरची मेलही बंद पडते. म्हणजे 'डोमेन संपलंय, पैसे भरा' हे सांगणारं पत्र नेमकं ज्या पेटीत यायचं तीच कुलूपबंद. गिऱ्हाइकांसाठी तो पत्ता खुशाल वापरा, खात्यांसाठी मात्र बाहेरचं जीमेल.

दुहेरी पडताळणी चालू केली की गूगल आठ आकडी दहा राखीव कोड देतं. ते कागदावर उतरवून घ्या. काकांचा फोन एसटीत राहिला तर त्या दिवशी तेच कामाला येतात. एक कोड एकदाच चालतो, वापरला की खोडायचा.

आणखी एक काम: हे खातं काकांच्या फोनवरच्या जीमेल अ‍ॅपमध्ये उघडं ठेवा आणि सूचना चालू आहेत हे बघा. वेगळं खातं काढलं आणि कोणी उघडलंच नाही, तर त्याचा काही उपयोग नाही. दोन वर्षं न वापरलेलं खातं तर गूगल पुसूनही टाकू शकतं.

२. डोमेन: नाव कोणाचं, मेल कोणाला, पैसे कोणाच्या कार्डावरून

आधी आजची स्थिती बघा.

```
whois example.com
```

`Registry Expiry Date` आणि `Registrar` या दोन ओळी कागदावर लिहा. मालकाचं नाव हल्ली गोपनीयतेमुळे इथे बहुधा झाकलेलं असतं, त्यामुळे ते रजिस्ट्रारच्या खात्यात शिरूनच तपासायचं. तिथे 'रजिस्ट्रंट' म्हणून तुमचं नाव असेल तर डोमेन तुमचं आहे, पैसे कोणीही भरलेले असोत.

सोपवण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच रजिस्ट्रारकडे काकांच्या नावाने नवं खातं उघडायचं आणि डोमेन तुमच्या खात्यातून त्यात ढकलायचं. याला बरेच जण 'पुश' म्हणतात. दुसऱ्या कंपनीकडे ट्रान्स्फर करायच्या भानगडीत आत्ता पडू नका. मालकाचं नाव बदललं की अनेक रजिस्ट्रार ६० दिवस बाहेर जाऊ देत नाहीत आणि तुमची मुदत मध्येच अडकते.

पुश झाल्यावर जो सापळा असतो त्यात अनुभवी माणसंही सापडतात. मालकाचं नाव किंवा ईमेल बदललं की नव्या पत्त्यावर पडताळणीची लिंक येते. ती १५ दिवसांत दाबली नाही तर रजिस्ट्रार डोमेन थांबवू शकतो. साइट बंद, मेल बंद, आणि मुदत तर संपलेली नाही, त्यामुळे कारणही सुचत नाही. आपल्या उदाहरणात २ मार्चला पुश केलं तर १७ मार्चच्या आत ती लिंक दाबलेली हवी. काकांच्या शेजारी बसूनच दाबून घ्या. हे मेल कधी कधी स्पॅममध्ये जातं, तिथेही बघा.

आता पैसे. 'ऑटो रिन्यू चालू आहे, काळजी नको' असं काकांना सांगू नका. भारतीय कार्डावरून दर वेळी आपोआप रक्कम कापायची तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आधी ई-मँडेट नोंदवावं लागतं, कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते, आणि १५,००० रुपयांच्या वर असेल तर साधारणपणे दर वेळी ओटीपी लागतो. परदेशी रजिस्ट्रारकडे हे मँडेट बहुतेकदा नीट बसत नाही. बटण हिरवं दिसतं, कार्ड नाकारलं जातं, आणि त्याचं मेल येतं. ते मेल वाचणारं कोणी नसेल तर झालंच.

त्यापेक्षा हस्तांतरणाच्या दिवशीच काकांच्या यूपीआयने किंवा कार्डाने पुढच्या दोन-तीन वर्षांचे पैसे भरून घ्या. `.com` जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत घेता येतं, पण दोन-तीन पुरे. फार लांबची तारीख लिहिली की ती कोणाच्याच ध्यानात राहत नाही. बिल दुकानाच्या नावावर आणि जीएसटी क्रमांकासह घ्या. पैसे काकांनी स्वतः भरले की पुढच्या वेळी ते पान त्यांना ओळखीचं वाटतं, हा यातला खरा फायदा.

तरीही मुदत चुकलीच तर? `.com` लगेच हातचं जात नाही. १८ एप्रिलला संपलं तर त्यानंतर जास्तीत जास्त ४५ दिवसांची, म्हणजे २ जूनपर्यंतची सवलत असू शकते. मात्र ती रजिस्ट्रारच्या मर्जीवर असते, आणि या काळात साइट बहुधा बंद असते. पुढे ३० दिवस, म्हणजे २ जुलैपर्यंत, डोमेन परत मिळतं पण त्यासाठी वेगळा दंड पडतो आणि तो मूळ रकमेच्या कितीतरी पट असतो. नंतर पाच दिवसांनी नाव सगळ्यांसाठी खुलं होतं. काही रजिस्ट्रार त्याआधीच नाव लिलावात काढतात. म्हणून '४५ दिवस आहेत' हा हिशेब तुमच्या मनात असू द्या, काकांना सांगू नका.

३. होस्टिंग आणि बाकीची नूतनीकरणं

होस्टिंगचं खातं काकांच्या ईमेलवर वळवा. सगळ्यात मोठा धक्का बसतो तो दराचा: पहिल्या वर्षीची सवलत संपते आणि नूतनीकरणाची रक्कम बरीच जास्त येते. खात्यात पुढच्या बिलाची रक्कम दिसते, ती आजच काकांना दाखवा. नाहीतर नोव्हेंबरात त्यांना वाटेल कोणीतरी फसवतंय.

एसएसएल प्रमाणपत्र बहुतेक होस्टिंगवर आपोआप नवं होतं. लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं प्रमाणपत्र असेल तर त्यांची आठवणीची मेल जून २०२५ पासून बंद झाली आहेत, हे ध्यानात ठेवा. तारीख अशी बघता येते:

```
openssl s_client -connect example.com:443 -servername example.com </dev/null | openssl x509 -noout -dates
```

`notAfter` ची तारीख जवळ आलीय आणि नवं प्रमाणपत्र आलेलं नाही, तर आपोआप होणारं काम अडलं आहे. बहुधा डीएनएसमध्ये कोणीतरी हात घातलेला असतो.

पेड प्लगिन आणि थीम यांचं परवान्याचं काय? तुमच्या एजन्सीच्या परवान्यावर चालवत असाल तर तुम्ही काढून घेतल्यावर साइट चालत राहते, फक्त अपडेट थांबतात. सहा महिने काही कळत नाही, मग जुन्या प्लगिनमधल्या भोकातून कोणीतरी आत शिरतं. एकतर काकांच्या नावाने परवाना घ्या, नाहीतर फुकट पर्यायावर या.

सगळ्या तारखा एकाच जागी: काकांच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये, दर वर्षी पुन्हा येतील अशा, मुदतीच्या ३० आणि ७ दिवस आधी. शिवाय भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने. जानेवारीत नवं कॅलेंडर टांगताना जुन्यावरच्या नोंदी उतरवून घ्यायच्या, हे कागदावर लिहून ठेवा. जुनं रद्दीत गेलं की तारखाही जातात.

४. ऑर्डरची मेल आणि पैसे कुठे जातात

वर्डप्रेसमध्ये पत्ता तीन ठिकाणी असतो आणि लोक एकच बदलतात. पहिला `Settings → General` मधला `Administration Email Address`. तो बदलला तरी नव्या पत्त्यावरची लिंक दाबेपर्यंत जुनाच चालू राहतो. दुसरा `WooCommerce → Settings → Emails` मधला `New order` चा पत्ता. हा वेगळा असतो, आणि इथे तुमचं मेल राहिलं तर काकांच्या ऑर्डर तुमच्याकडे येत राहतात. तिसरा मेल पाठवणाऱ्या एसएमटीपी प्लगिनमधला.

या तिसऱ्याकडे नीट बघा. अनेकदा तिथे फ्रीलान्सरच्या जीमेलचा 'अ‍ॅप पासवर्ड' टाकलेला असतो. तुम्ही तुमच्या गूगल खात्याचा पासवर्ड बदललात की तो अ‍ॅप पासवर्ड रद्द होतो. साइट चालू, ऑर्डर येतायत, पैसेही येतायत, आणि मेल एकही नाही. सुनेला वाटतं या आठवड्यात धंदा मंद आहे. म्हणून तिथे दुकानाच्या जीमेलचा अ‍ॅप पासवर्ड टाका आणि एक खरी ऑर्डर करून बघा: शंभर ग्रॅम हळद, पैसे भरा, मेल येतं का बघा, मग पैसे परत करा.

पेमेंट गेटवेचं खातं पहिल्यापासून दुकानाच्या पॅनवर आणि दुकानाच्याच बँक खात्यावर असलं पाहिजे. तुमच्या पॅनवर असेल तर ते 'सोपवता' येत नाही, काकांच्या नावाने केवायसी करून नवं खातं उघडावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून हे सुरुवातीलाच तपासा. खातं त्यांचं असेल तर साइटसाठी नव्या की तयार करा आणि जुन्या बंद करा. गुप्त की तयार होताना एकदाच दिसते, तेव्हाच वर्डप्रेसमध्ये चिकटवा. ती कागदावर लिहायची गरज नाही, हरवली तर नवी काढता येते.

गूगल मॅपवरच्या दुकानाच्या नोंदीलाही वेळ लागतो. काकांच्या खात्याला मालक म्हणून जोडलं तरी सात दिवस त्यांना मुख्य मालकी घेता येत नाही. २ मार्चला जोडलंत तर १० मार्चला पुन्हा बसा. फेसबुक, इन्स्टाग्रामचं पान असेल तर तिथेही काकांना पूर्ण ताबा द्या, त्यात फार काही अडत नाही.

५. बॅकअप: घेतलेला नव्हे, परत उभा राहिलेला

होस्टिंगवाले बॅकअप घेतात हे खरं. पण तो त्यांच्याच सर्व्हरवर. बिल थकलं आणि खातं बंद झालं तर दोन्ही एकदमच जातं. म्हणून एक प्रत बाहेर हवी.

अपड्राफ्टप्लसची फुकट आवृत्ती पुरते. डेटाबेस रोज, फाइली आठवड्यातून एकदा, दोन्ही दुकानाच्या गूगल ड्राइव्हवर. किती प्रती ठेवायच्या याचा मात्र हिशेब करा. आपल्या मसाल्याच्या दुकानाचे फोटो १.२ जीबी आणि बाकी फाइली ०.३ जीबी धरू. एका आठवड्याचा संच दीड जीबी. चार संच ठेवले तर ६ जीबी, आठ ठेवले तर १२ जीबी. फुकट ड्राइव्ह १५ जीबीचा, आणि तो जीमेल आणि गूगल फोटोंबरोबर सामाईक असतो. जागा भरली की बॅकअप थांबतो हे एक, पण जीमेलवर नवी मेल येणंही थांबतं. म्हणजे बॅकअपच्या हौसेपायी डोमेनच्या नोटिसा बंद. चार संच, चौदा डेटाबेस, एवढंच ठेवा.

अपड्राफ्टप्लस मोठी फाइल साधारण ४०० एमबीच्या तुकड्यांत कापतं. आपले फोटो तीन-चार झिपमध्ये असतील, आणि परत आणताना सगळेच लागतात. फुकट आवृत्ती `wp-content` आणि डेटाबेसच घेते. `wp-config.php` आणि `.htaccess` त्यात नसतात. या दोन फाइली सीपॅनलमधून उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. `wp-config.php` मध्ये डेटाबेसचा पासवर्ड असतो, म्हणून हा पेनड्राइव्ह गल्ल्यात नको, घरच्या कपाटात. आणखी एक गोष्ट: सीपॅनलचा 'फुल बॅकअप' तुम्हाला स्वतःला परत चढवता येत नाही, होस्टिंगवाल्यांनाच सांगावं लागतं. घाईच्या वेळी हे कळलं तर डोकं फिरतं.

आता चाचणी. एका सबडोमेनवर कोरं वर्डप्रेस टाका, त्यात हा संच चढवा आणि पत्ते बदला:

```
wp search-replace 'https://example.com' 'https://test.example.com' --all-tables
```

साइट बाहेर दिसण्याआधी त्या प्रतीतला पेमेंट गेटवे बंद करा, मेल पाठवणारं प्लगिन बंद करा आणि सबडोमेनला पासवर्ड लावा. नाहीतर नकली दुकानात कोणीतरी खरे पैसे भरेल. मग तीन गोष्टी बघा: शेवटच्या ऑर्डरचा क्रमांक खऱ्या साइटशी जुळतो का, एखादा जुना आणि एखादा नवा फोटो उघडतो का, आणि उत्पादनाचं पान उघडतं का. पान सापडत नसेल तर `Settings → Permalinks` उघडून काहीही न बदलता सेव्ह करा, बहुतेकदा एवढ्याने सुटतं. तपासून झालं की सबडोमेन डेटाबेससकट पुसा. त्यात गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर असतात.

सुनेला एक समजावून ठेवा. रात्री दोनचा बॅकअप आणि दुपारी चारला साइट पडली, तर मधल्या चौदा तासांच्या ऑर्डर बॅकअपमध्ये नसतील. ऑनलाइन भरलेल्यांचा पत्ता गेटवेच्या खात्यातून लागतो. घरपोच पैसे देणाऱ्यांची नोंद मात्र फक्त ऑर्डरच्या मेलमध्ये उरते. म्हणून ती मेल पुसायची नाहीत.

६. पासवर्डचा कागद

पासवर्ड मॅनेजर उत्तम, सून वापरणार असेल तर जरूर बसवून द्या. पण काकांसाठी मी कागदच सुचवेन. कपाटातला कागद कोणी सांगलीबाहेरून चोरत नाही, व्हॉट्सअ‍ॅपमधला पासवर्ड मात्र फोनबरोबर आणि बॅकअपबरोबर फिरत राहतो.

कागदावर पाचच खाती: जीमेल, डोमेन, होस्टिंग, वर्डप्रेस, गेटवे. प्रत्येकासमोर पत्ता, वापरकर्तानाव, पासवर्ड, ओटीपी कोणाच्या नंबरवर येतो, मुदत कधी. काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहायचं. `l` की `1`, `O` की `0` हा घोळ नको म्हणून पासवर्ड असे ठेवा की ज्यात ही अक्षरंच नसतील. लिहून झालं की काकांनी कागद बघून, त्यांच्या फोनवरून, पाचही ठिकाणी आत शिरून दाखवायचं. तुम्ही हात लावायचा नाही. जिथे अडतील तिथे कागद अपुरा आहे.

७. कोणाला फोन करायचा

नुसती नंबरांची यादी कामाची नाही. काकांना कळत नाही की बिघाड कोणाकडचा. म्हणून पडद्यावर काय दिसतं त्यावरून लिहून द्या. पहिली ओळ: दुकानाचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर साइट उघडून बघा. निम्मे फोन इथेच वाचतात.

- भलत्याच जाहिराती किंवा 'हे डोमेन विकत मिळेल' असं पान: डोमेनवाले. आधी मुदत आणि पडताळणीचं मेल बघा.
- `Your connection is not private`: होस्टिंगवाले, एसएसएल नवं झालं नाही असं सांगा. त्याआधी फोनची तारीख बरोबर आहे ना बघा.
- `Error establishing a database connection`: होस्टिंगवाले.
- `There has been a critical error on this website`: बहुधा प्लगिनचा घोळ. दुकानाच्या जीमेलवर वर्डप्रेसचं मेल आलेलं असतं, ते पुसू नका, साइट सांभाळणाऱ्याला पाठवा.
- गिऱ्हाईक म्हणतं पैसे कापले, ऑर्डर दिसत नाही: गेटवेच्या खात्यात ती रक्कम शोधा. तिथे नसेल तर गिऱ्हाइकाने त्याच्या बँकेकडे विचारायचं.

सपोर्टचे नंबर त्या त्या कंपनीच्या खात्यात शिरून तिथूनच उतरवा, गूगलवर शोधून नव्हे. शोधात खोटे कस्टमर केअर नंबर सर्रास वर येतात. 'तुमची गूगलची नोंद बंद होणार आहे, आत्ताच पैसे भरा' किंवा 'डोमेन आज संपतंय, या लिंकवर भरा' असे फोन आणि मेल काकांना नक्की येतील. तारीख कागदावरच्या तारखेशी जुळवायची, आणि पैसे फक्त स्वतः खात्यात शिरून भरायचे. कोणी फसवलंच तर तातडीने १९३० ला फोन आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार, हे कागदाच्या तळाशी ठळक.

तुमचा नंबरही या कागदावर असेल, तर त्यासमोर लिहा: अमुक तारखेपर्यंत कशासाठी फुकट, त्यानंतर तासाचा दर काय. हे मोघम ठेवलं तर रविवारी रात्री 'जरा बॅनर बदला' चे फोन येणार आणि दोघंही नाराज होणार.

८. शेवटी स्वतःला बाहेर काढा

वरचं सगळं तपासल्यावरच. आधी डोमेन, होस्टिंग, गेटवे, गूगल यांतून तुमचं नाव काढा. सीपॅनलमधली तुमची एफटीपी खाती पुसा. होस्टिंगचा आणि डेटाबेसचा पासवर्ड बदला. डेटाबेसचा बदलताना `wp-config.php` मध्येही लगेच बदला, नाहीतर वरच्या यादीतली तिसरी ओळ तुम्हीच घडवाल. मग ती नवी फाइल पुन्हा पेनड्राइव्हवर घ्या, जुनी आता चालणार नाही.

वर्डप्रेसमधलं तुमचं वापरकर्ता खातं सगळ्यात शेवटी, आणि ते काकांच्या लॉगिनमधून काढा. `Delete` दाबलं की पडदा विचारतो, या वापरकर्त्याच्या मजकुराचं काय करायचं. दोन पर्याय असतात: `Delete all content` आणि `Attribute all content to`. साइटवरची पानं आणि फोटो तुम्हीच टाकलेले आहेत, म्हणजे ते तुमच्या नावावर आहेत. पहिला पर्याय निवडलात तर दुकानाची पानं आणि हळद, तिखट, गोडा मसाल्याचे फोटो तुमच्याबरोबर जातील. दुसरा निवडा, समोर काकांचं नाव निवडा, आणि हे बटण दाबण्याच्या पाच मिनिटं आधी एक ताजा बॅकअप घ्या.